रिकामी जागा आणि पहिली पंधरा षटके

क्रिकेटवर बोलायला मला बोलावले, तेव्हा मी आधीच सांगून टाकले, की मी कवी माणूस, जेमतेम बी. ए. झालेला. मैदानावरचा माझा पराक्रम गल्लीतल्या टेनिस बॉलपलीकडे गेलेला नाही. पण १९९६ च्या विश्वचषकातल्या एका सामन्याबद्दल माझ्या मनात एक बोच आहे, आणि ती नीट सांगायची तर पॉवरप्लेचा सगळा इतिहासच सांगावा लागतो. तो सामना होता २ मार्च १९९६ चा, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावरचा, भारत विरुद्ध श्रीलंका.

शनिवार होता. मामूंच्या घरी टीव्ही होता, म्हणून आम्ही दहा-बारा जण तिथे जमलो होतो. मामू तालुक्याच्या सामन्यांत पंचगिरी करायचे. सामना बघताना त्यांच्या मांडीवर शाळेची एक जुनी वही असायची. त्या वहीत ते धावा कमी आणि ठिपके जास्त मांडायचे. एक गोल काढायचा, त्याच्या आत एक छोटा गोल, आणि क्षेत्ररक्षक जिथे उभा असेल तिथे ठिपका. आम्ही पोरे त्यांना हसायचो.

सचिन तेंडुलकरने १३७ धावा केल्या, अझरुद्दीन ७२ वर नाबाद राहिला आणि भारताच्या ५० षटकांत ३ बाद २७१ झाल्या. त्या काळात २७१ म्हणजे सामना खिशात. आम्ही जेवून, पान खाऊन निवांत बसलो. मग श्रीलंकेचे सलामीवीर आले. डावखुरा सनत जयसूर्या आणि बुटका यष्टिरक्षक रोमेश कालुवितरणा. मनोज प्रभाकरच्या पहिल्या दोन षटकांत ३३ धावा गेल्या. तीन षटके संपली तेव्हा फलकावर ४२ लागले होते. पुढे प्रभाकर पुन्हा गोलंदाजीला आला तो चक्क ऑफस्पिन टाकायला. त्याचे दिवसभराचे पृथक्करण झाले ४ षटके, ४७ धावा, एकही बळी नाही. घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

आमच्या खोलीतही शिव्यांचा पाऊस पडला, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मामूंनी वहीतून मान वर न करता मला म्हटले, "अरे, गोलंदाजाला शिव्या नंतर दे. आधी मैदानात रिकामं काय आहे ते बघ." मी बघितले नाही. ते बघायला मला बरीच वर्षे लागली.

मामू ज्या रिकाम्या जागेबद्दल बोलत होते, ती कुणाच्या चुकीने रिकामी नव्हती. ती नियमाने रिकामी ठेवलेली होती. हा नियम आला कुठून? एकदिवसीय क्रिकेट सुरू झाले तेव्हा क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे यावर जवळपास बंधन नव्हते. याचा टोकाचा नमुना २८ नोव्हेंबर १९७९ ला सिडनीत दिसला. वेस्ट इंडिजला शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या होत्या आणि इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्लीने सगळेच्या सगळे क्षेत्ररक्षक, अगदी यष्टिरक्षकासकट, सीमारेषेवर नेऊन उभे केले. नियमात बसणारे होते, पण लोकांना ते क्रिकेट वाटले नाही. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेत खेळपट्टीभोवती वर्तुळ आखण्याचा प्रयोग आधीच होऊन गेला होता. १९८० नंतर ते वर्तुळ अधिकृत सामन्यांतही आले. १९८३ च्या विश्वचषकात किमान चार क्षेत्ररक्षक पूर्ण डावभर वर्तुळात ठेवणे सक्तीचे होते. आणि १९९२ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात ती व्यवस्था आली जिने पुढची सगळी उलथापालथ घडवली. पहिल्या पंधरा षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक. त्यानंतर पाच.

आता हे वर्तुळ केवढे, ते डोळ्यांसमोर आणा. नावाला वर्तुळ, प्रत्यक्षात लांबट आकार. दोन्ही टोकांच्या मधल्या यष्टीपासून ३० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटरवर अर्धवर्तुळे काढायची आणि दोन्ही बाजूंनी सरळ रेषांनी ती जोडायची. मैदानात अकरा जण. त्यातला एक गोलंदाज, एक यष्टिरक्षक. उरले नऊ. दोघे बाहेर गेले, की सात जण आत.

हे सात आणि दोन यांचे गणित जरा सावकाश बघू, कारण सगळा डावपेच त्यातच आहे. सात जण आत म्हणजे फलंदाजाच्या चौफेर माणसांचे कडे. जमिनीवरून मारलेला साधा फटका कुणाच्या तरी हातात जातो, एकेरी धावही सहज मिळत नाही. पण त्या कड्याच्या डोक्यावरून चेंडू गेला, की पुढे सीमारेषेपर्यंत मोकळे रान. बाहेरचे दोघे ठेवायचे कुठे? वेगवान गोलंदाज बहुधा एक थर्ड मॅनला आणि एक लेगच्या बाजूला मागे ठेवतो, म्हणजे बॅटची कड लागून मागे जाणारे आणि पायावरून वळवलेले चौकार वाचतात. मग समोरची सगळी बाजू, मिडऑफ आणि मिडऑनच्या डोक्यावरची, कव्हरच्या पलीकडची, उघडी पडते. समोर माणूस नेला तर मागची बाजू उघडी. दोन माणसांत चार दिशा झाकता येत नाहीत. कर्णधाराच्या हातात एवढेच उरते, की कुठली जागा उघडी ठेवायची ते ठरवायचे आणि फलंदाजाला तिथे मारणे अवघड जाईल असा चेंडू टाकायचा.

१९९२ मध्ये न्यूझीलंडच्या मार्टिन क्रोने हे दोन्ही अंगांनी ओळखले होते. फलंदाजीत मार्क ग्रेटबॅचला सलामीला पाठवून तो वर्तुळावरून चेंडू उचलायला लावायचा. गोलंदाजीत त्याने दीपक पटेल या ऑफस्पिनरला नवा चेंडू दिला. कड्यावरून मारण्यासाठी फलंदाजाला चेंडूचा वेग उपयोगी पडतो. क्रोने तो वेगच काढून घेतला. पण बाकी संघांनी याकडे एका कर्णधाराची कल्पकता म्हणून बघितले. पंधरा षटके जपून खेळायची, विकेट हाती ठेवायच्या आणि शेवटच्या दहा षटकांत फटकेबाजी करायची, हाच सर्वमान्य शिरस्ता राहिला. त्या दिवशी दिल्लीत भारताची सुरुवातही अशीच सावध होती.

श्रीलंकेने हा शिरस्ता उलटा केला, आणि त्यामागे नुसता धसमुसळेपणा नव्हता. भारतीय उपखंडातल्या कोरड्या खेळपट्टीवर चेंडू नवा आणि टणक असतो तेव्हाच तो बॅटवर चांगला येतो. वीसेक षटकांनंतर तो मऊ पडतो, खेळपट्टी मंदावते, फिरकी गोलंदाज येतात आणि सीमारेषेवर पाच माणसे उभी राहतात. म्हणजे मारायला सगळ्यांत सोपा काळ पहिला, आणि आपण नेमके तेव्हा जपून खेळत होतो. शिवाय जयसूर्या डावखुरा, कालुवितरणा उजवा. एकेरी धाव निघाली, की क्षेत्ररचना आरशासारखी उलटी करायची आणि गोलंदाजाने आपली दिशा नव्याने शोधायची.

प्रभाकरसारख्या मध्यमगती गोलंदाजाचा सगळा व्यवसाय स्विंगवर. स्विंग करायचा तर चेंडू पुढे टाकावा लागतो, आणि फलंदाजाने जमिनीवरून ड्राइव्ह मारावा, कड लागावी, अशी अपेक्षा असते. समोरचा माणूस ड्राइव्ह मारतच नसेल, पहिल्या चेंडूपासून उचलून मारत असेल, आणि मागे राखायला कुणी नसेल, तर हीच चांगली गोलंदाजी फटक्यासाठी वाढलेले ताट होते. टप्पा आखूड केला तर जयसूर्या कट आणि पुल मारायला टपलेला. त्यात वेग बेताचा. त्याने शेवटी ऑफस्पिन टाकला, त्यावर आम्ही पोट धरून हसलो. आज कळते, की वेग काढून घेण्याचा तो प्रयत्न होता. चार वर्षांपूर्वी क्रोने हेच ठरवून केले होते. प्रभाकरने ते हतबल होऊन केले, एवढाच फरक.

आता त्या सामन्याचा हिशेब मांडू. जिंकायला २७२ हव्यात, म्हणजे षटकामागे जवळजवळ साडेपाच. त्या काळी ही गती डोंगराएवढी होती. पहिल्या पंधरा षटकांत श्रीलंकेने ११७ धावा काढल्या. उरल्या १५५, आणि षटके ३५. म्हणजे षटकामागे साडेचारांपेक्षाही कमी. यानंतर भारताने सामना खरोखर ओढून आणला होता. जयसूर्या ७९ वर कुंबळेच्या गोलंदाजीवर बाद झाला. १२९ वर दुसरी, १३७ वर तिसरी, १४१ वर चौथी विकेट पडली. आमच्या खोलीत पुन्हा चहा आला. पण अर्जुना रणतुंगा आणि हसन तिलकरत्ने यांनी पुढच्या १३१ धावा एकही विकेट न देता काढल्या आणि आठ चेंडू राखून सामना जिंकला.

मला वाटते, पॉवरप्लेचे मर्म या १३१ धावांत आहे. रणतुंगाला मोठा फटका मारण्याची गरजच पडली नाही. सीमारेषेवर पाच माणसे होती, म्हणजे आतले कडे विरळ झाले होते. चेंडू ढकलायचा आणि चालत पलीकडे जायचे. गोलंदाज एकेरी धाव द्यायला तयार, कारण चौकार वाचतो. फलंदाज ती घ्यायला तयार, कारण त्याला तेवढीच हवी. आधीच्या पंधरा षटकांनी त्याच्यासाठी धावा जमवल्या त्यापेक्षा वेळ जमवून ठेवला होता. हाच रणतुंगा षटकामागे सात धावांच्या दडपणाखाली असता, तर कुंबळेला पुढे सरसावून मारावे लागले असते आणि सीमारेषेवरच्या पाचांपैकी कुणाच्या तरी हातात तो गेला असता.

त्याच स्पर्धेत श्रीलंकेने पहिल्या पंधरा षटकांत केनियाविरुद्ध १२३ आणि उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध १२१ धावा काढल्या. मग १३ मार्चला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात पुन्हा आपली गाठ पडली. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून त्यांनाच आधी खेळायला दिले. दिल्लीतल्या पाठलागाचा धसका घेतला, असे तेव्हा सगळीकडे बोलले गेले.

पहिल्याच षटकात श्रीनाथने दोन्ही सलामीवीर उडवले. कालुवितरणाचा झेल मांजरेकरने घेतला, जयसूर्याचा वेंकटेश प्रसादने. आणि दोन्ही झेल थर्ड मॅनला. आम्ही नाचलो. मामूंनी मात्र वही पुढे केली. मोठ्या गोलाच्या कडेला, यष्टिरक्षकाच्या मागे, एक ठिपका गडद केलेला होता. ते म्हणाले, "दोनच माणसं बाहेर ठेवता येतात ना? त्यातला एक इथं ठेवला, तो चौकार अडवायला नाही, झेल घ्यायला." वर्तुळावरून कट मारायची ज्यांना सवय लागली होती, त्यांच्या त्या सवयीच्या वाटेवरच माणूस उभा होता. श्रीनाथचा वेग प्रभाकरपेक्षा जास्त. त्यामुळे चेंडू उंच उडाला तो नेमका तिकडे.

गोलंदाजाच्या बाजूने पॉवरप्लेचा धडा हाच आहे. पाच माणसे बाहेर असतात तेव्हा धावा रोखता येतात. दोनच असतात तेव्हा धावा रोखण्याचा खात्रीचा उपाय एकच, विकेट घेणे. म्हणून या षटकांत बचावाची गोलंदाजी महागात पडते. स्लिप ठेवायची, चांगल्या टप्प्यावर ऑफ यष्टीच्या रोखाने टाकायचे, चार जाईल तो जाईल, पण फलंदाजाला एका बाजूला मारायला भाग पाडायचे आणि त्या बाजूला माणूस ठेवायचा. दोन्ही बाजूंना मारता येईल असा चेंडू पडला, की संपले.

पण कोलकात्याची गोष्ट इथे थांबली नाही. अरविंद डिसिल्वा २ बाद १ अशा अवस्थेत आला, आणि तरीही त्याने आक्रमण सोडले नाही. त्याने ४७ चेंडूंत ६६ केल्या. चौथी विकेट म्हणून तो बाद झाला तेव्हा संघाच्या ८५ होत्या. पंधरा षटकांअखेर ८६. फरक असा, की डिसिल्वा चेंडू उचलत नव्हता. आतल्या सात माणसांमधल्या फटींतून तो जमिनीवरून मारत होता. कड्यातून चेंडू सुटला, की मागे अडवायला कुणी नाहीच. वर्तुळाच्या डोक्यावरून जाणारा एक रस्ता होता, मधून जाणारा दुसरा. दुसऱ्याला कौशल्य जास्त लागते, धोका कमी असतो. श्रीलंकेच्या २५१ झाल्या. आपण १ बाद ९८ वरून, खेळपट्टी फुटल्यावर, फिरकीसमोर ८ बाद १२० असे कोसळलो आणि पुढचा गोंधळ सगळ्यांना ठाऊक आहे. लाहोरच्या अंतिम सामन्यातही दोन्ही सलामीवीर स्वस्तात गेले आणि डिसिल्वाच्या नाबाद १०७ धावांनी विश्वचषक जिंकून दिला. म्हणजे ज्या युक्तीसाठी तो संघ गाजला, ती युक्ती शेवटच्या दोन्ही सामन्यांत फसली होती.

युक्तीला आणखी एक मर्यादा आहे, हवामानाची. १९९९ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये, मे-जूनच्या ओलसर हवेत झाला. पांढरा ड्यूक चेंडू भरपूर स्विंग होत होता. तिथे सात माणसे आत असणे हे गोलंदाजाचे भांडवल ठरले, कारण त्यातल्या काही स्लिपमध्ये उभ्या करायच्याच असतात. विश्वविजेती श्रीलंका पहिल्याच फेरीत बाहेर पडली. नियम तोच, पण तो कुणाच्या बाजूने झुकेल हे खेळपट्टी ठरवते.

'पॉवरप्ले' हे नाव २००५ मध्ये आले. पंधराऐवजी वीस षटके झाली. पहिली दहा सक्तीची, उरलेले पाच-पाच षटकांचे दोन तुकडे कधी घ्यायचे ते क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराने ठरवायचे. २००८ पासून त्यातला एक तुकडा फलंदाजी करणाऱ्या संघाच्या हाती दिला. आता फलंदाजांची चंगळ होणार असे वाटले. झाले काय, ते १२ मार्च २०११ ला नागपूरने दाखवले. जामठ्याच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत १ बाद २६७ वर होता, तेंडुलकर १११ वर खेळत होता, आणि फलंदाजीचा पॉवरप्ले चालू होता. तेंडुलकर बाद झाला आणि उरलेल्या सगळ्या विकेट मिळून भारत २९६ वर आटोपला. नऊ विकेट २९ धावांत. डेल स्टेनने पाच घेतल्या. आफ्रिकेने शेवटच्या षटकात सामना जिंकला.

दिल्ली आणि नागपूर शेजारी ठेवून बघा. दिल्लीत मोकळी जागा पहिल्या षटकात होती, चेंडू टणक होता, मारणारे सलामीवीर होते. नागपुरात तीच मोकळी जागा चाळिसाव्या षटकाच्या आसपास मिळाली. चेंडू नरम, आणि नवा येणारा फलंदाज नजर बसण्याआधीच बॅट फिरवतोय, कारण क्षेत्ररक्षक आत आहेत म्हणजे मारलेच पाहिजे असे त्याला वाटते. मोकळी जागा ही परवानगी असते, हुकूम नसतो. अनेक संघांनी या षटकांत धावांपेक्षा विकेटच जास्त मोजल्या. गोलंदाजीचा पॉवरप्ले २०१२ मध्ये आणि फलंदाजीचा २०१५ मध्ये रद्द झाला. त्यानंतरची व्यवस्था सरळ आहे. पहिल्या दहा षटकांत दोघे बाहेर, अकरा ते चाळीस चौघे, शेवटच्या दहांत पाच. वीस षटकांच्या सामन्यात पहिली सहा षटके दोघांची.

मामू आता नाहीत. त्यांची ती वही त्यांच्या मुलाकडे आहे. परवा मी ती मागून घेतली आणि २ मार्चचे पान काढले. प्रभाकरच्या षटकांपुढे मामूंनी शेरा वगैरे काही लिहिलेला नाही. फक्त गोल आहे, आत सात ठिपके, बाहेर दोन, आणि बाकी सगळा कागद कोरा. मी त्या माणसाला त्या दिवशी जे काही बोललो, ते त्या कोऱ्या कागदाकडे न बघता बोललो होतो.